टक्क्याचा ताळा

माझी भाची अकरावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली, तेव्हा क्लासच्या सराव चाचणीचा पेपर दप्तरातून काढून तिने माझ्यापुढे ठेवला. एका उत्तरावर लाल पेनची फुली होती. प्रश्न असा होता: २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांचा साक्षरता दर ६७.०३ टक्के होता, २०११ मध्ये तो ७५.८७ टक्के झाला. दहा वर्षांत हा दर किती टक्क्यांनी वाढला? भाचीने उत्तर लिहिले होते १३.१९ टक्के. फुलीशेजारी लाल अक्षरांत लिहिले होते ८.८४ टक्के.

"मामा, शेकडा नफा काढतात तसंच काढलं मी. मग चुकलं कुठे?"

"सरांना विचारलंस का?"

"विचारलं ना. ते म्हणाले, मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं सोपं गणित आहे. मागे छापलेलं उत्तरही तेच आहे."

मी संख्याशास्त्र शिकवतो. हा गोंधळ मी पदवीच्या वर्गात पाहतो, प्रबंधात पाहतो आणि वर्तमानपत्रात तर रोजच पाहतो. पण एखाद्या उत्तरात तो झाला आहे की नाही हे ठरवायचे कसे, हे कुणी नीट सांगत नाही. 'टक्के' आणि 'टक्केबिंदू' यांच्या व्याख्या पाठ करून ते कळत नाही. आकडे हातात घेऊन बघावे लागते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तेच केले.

दोन उत्तरे, दोन प्रश्न

आधी दोन्ही आकडे कुठून आले ते पाहू. ७५.८७ मधून ६७.०३ वजा केले की ८.८४ उरतात. छापील उत्तर इथेच थांबले. भाची एक पायरी पुढे गेली. तिने ८.८४ ला ६७.०३ ने भागले, शंभरने गुणले आणि तिला १३.१९ मिळाले. हिशेब दोघांचेही बरोबर आहेत. वाद हिशेबाचा नाहीच, वाद त्यापुढे लावलेल्या शब्दाचा आहे.

वजाबाकीतून आलेले ८.८४ काय सांगतात? २००१ मध्ये दर शंभर स्त्रियांमागे साधारण ६७ जणींना लिहिता-वाचता येत होते. २०११ मध्ये दर शंभरांमागे साधारण ७६ जणींना येत होते. म्हणजे शंभरांमागे जवळजवळ नऊ जणी जास्त. हे नऊ मोजले ते सगळ्या स्त्रियांच्या शेकड्यावर.

भागाकारातून आलेले १३.१९ वेगळे काही सांगतात. पूर्वी ६७ जणी साक्षर होत्या, त्यांत नऊ जणींची भर पडली. ही भर त्या ६७ च्या मानाने किती? शेकडा तेरा. इथे शेकडा बदलला. तो आता सगळ्या स्त्रियांचा राहिला नाही, आधीच साक्षर असलेल्या स्त्रियांचा झाला.

पहिल्या आकड्याला टक्केबिंदू म्हणतात. काही जण 'टक्केवारी अंक' असेही लिहितात. दुसऱ्याला नुसते टक्के. एखादी गोष्ट आधीच टक्क्यांत मोजलेली असते, तेव्हाच हा घोळ होतो. कांद्याचा भाव किलोला वीस रुपयांवरून तीस रुपयांवर गेला, तर वाढ दहा रुपये आणि पन्नास टक्के. रुपये वेगळे, टक्के वेगळे, कुणाचाही गोंधळ होत नाही. पण मूळ मापच टक्का असले, की वजाबाकीच्या उत्तराचे एकक आणि भागाकाराच्या उत्तराचे एकक दिसायला सारखेच होते. मग वजाबाकीचे उत्तर भागाकाराच्या नावाने खपून जाते.

ताळा करून बघा

आमच्या लहानपणी गणिताचे मास्तर उत्तर आले तरी सोडत नसत. 'ताळा करून दाखव' म्हणत. भागाकार केला असेल तर भागाकाराला भाजकाने गुणून, बाकी मिळवून, मूळ संख्या परत येते का ते बघायचे. इथेही तोच उपाय आहे आणि मला तरी याहून चांगला माहीत नाही. मूळ आकडा घ्यायचा, त्यावर उत्तरात सांगितलेली वाढ लावायची आणि शेवटचा आकडा परत मिळतो का ते पाहायचे.

छापील उत्तर म्हणते की दर ८.८४ टक्क्यांनी वाढला. ठीक आहे. ६७.०३ चे ८.८४ टक्के म्हणजे ५.९३. ते ६७.०३ मध्ये मिळवले की होतात ७२.९६. पण प्रश्नात तर ७५.८७ दिले आहेत. ताळा जुळत नाही. जवळजवळ तीनाचा फरक राहतो.

आता भाचीचे उत्तर. ६७.०३ चे १३.१९ टक्के म्हणजे ८.८४. ते मिळवले की ७५.८७. ताळा जुळला.

"मग सरांचं उत्तर चूकच?" भाचीचा चेहरा उजळला होता.

"त्यांनी टक्केबिंदू लिहिलं असतं तर बरोबर होतं. ६७.०३ अधिक ८.८४, झाले ७५.८७. ताळा जुळतो. टक्के लिहिलं, म्हणून जुळत नाही."

ताळ्याचा हा उपयोग दोन्हीकडून होतो. मूळ आणि शेवटचा असे दोन्ही आकडे समोर असतील, तर लेखकाने कोणता शब्द वापरायला हवा होता ते लगेच कळते. फक्त मूळ आकडा आणि वाढ दिलेली असेल, तर दोन संभाव्य शेवट निघतात, आपल्या उदाहरणात ७२.९६ आणि ७५.८७. मग मूळ अहवालात त्यातला कोणता छापला आहे ते पाहायचे. आणि बातमीत मूळ आकडाच नसेल, नुसते 'इतक्या टक्क्यांनी वाढ' एवढेच असेल, तर ताळा करताच येत नाही. अशा वाक्याला खरेही म्हणता येत नाही आणि खोटेही.

शेकडा कशाचा?

या घोळाला आपल्या भाषेचाही थोडा हातभार आहे. 'टक्क्यांनी वाढला' या एकाच रूपाला मराठीत दोन कामे करावी लागतात. 'टक्केबिंदू' हा शब्द पाठ्यपुस्तकात फारसा भेटत नाही आणि बोलण्यात तर कधीच नाही. बँकेतला माणूस 'पाव टक्का कमी झाला' म्हणतो, तेव्हा त्याला टक्केबिंदूच म्हणायचा असतो. दुकानदार 'दहा टक्के सूट' म्हणतो, तेव्हा मात्र खरेच किमतीचे दहा टक्के.

जुना शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक होता. पूर्वी शाळेत 'शेकडेवारी' शिकवत आणि व्याज 'दरमहा दरशेकडा' सांगत. शेकडा म्हटले की मनात प्रश्न यायचाच: शंभर कसले? शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये, असे ते सरळ चित्र होते. शेकडा नफा काढताना तर मास्तर बजावून सांगत की नफा-तोटा नेहमी खरेदीच्या किमतीवर काढायचा, विक्रीच्या नाही. भाचीने नेमका हाच नियम इथे लावला. २००१ चा दर ही तिची खरेदीची किंमत, २०११ चा दर ही विक्रीची. म्हणून तिने ६७.०३ ने भागले. तिचे बरोबरच होते.

'शेकडा कशाचा' हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली, की आणखी एक गोष्ट लक्षात येते. दर १३.१९ टक्क्यांनी वाढला याचा अर्थ महाराष्ट्रातील साक्षर स्त्रियांची संख्या १३.१९ टक्क्यांनी वाढली असा होत नाही. त्या दहा वर्षांत स्त्रियांची एकूण संख्याही वाढली. त्यामुळे साक्षर स्त्रियांची डोकी मोजली तर वाढ १३.१९ टक्क्यांहून बरीच जास्त निघते. शिवाय हा दर सगळ्या स्त्रियांचा नसतो, सात वर्षे आणि त्याहून मोठ्या वयाच्या लोकसंख्येवर तो काढतात. १९८१ पर्यंतच्या जनगणनांत ही मर्यादा पाच वर्षांची होती. म्हणून १९८१ चा छापील दर आणि १९९१ चा छापील दर यांची थेट वजाबाकी केली, तर टक्केबिंदूही फसवे निघतात. दोन्ही आकड्यांखालचा शेकडा एकाच जातीचा असला तरच वजाबाकीला अर्थ असतो.

चूक कुठे लपते, कुठे उघडी पडते

भाचीने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो चांगला होता. "मामा, ही चूक इतकी होते, तर लोकांच्या लक्षात का येत नाही?"

कारण काही ठिकाणी ती दिसतच नाही. त्याच जनगणनांत महाराष्ट्रातील पुरुषांचा साक्षरता दर ८५.९७ वरून ८८.३८ टक्क्यांवर गेला. वाढ २.४१ टक्केबिंदू. टक्क्यांत काढली तर २.८०. दोन आकडे इतके जवळ की एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी कुणाला खटकणार नाही. मूळ आकडा शंभराच्या जितका जवळ, तितके टक्के आणि टक्केबिंदू एकमेकांच्या जवळ. मूळ आकडा नेमका शंभर असेल तर दोन्ही एकच.

मूळ आकडा लहान झाला की मात्र दोघांतली दरी रुंदावते. हिशेब सोपा आहे. टक्केबिंदूंना शंभरने गुणून मूळ आकड्याने भागले की टक्के मिळतात. मूळ आकडा ५० असेल तर टक्के दुप्पट होतात, १० असेल तर दसपट, ४ असेल तर पंचवीसपट.

चारचे उदाहरण अनेक वाचकांनी स्वतः सोसले आहे. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत आणखी पाच वेळा वाढवून तो ६.५० वर नेला. एकूण वाढ अडीच टक्केबिंदू. पण ४ च्या मानाने अडीच म्हणजे साडेबासष्ट टक्के. त्या काळात 'रेपो दरात अडीच टक्क्यांची वाढ' असेच सगळीकडे म्हटले जात होते आणि कुणाची फसगत झाली नाही. का? कारण शब्दशः वाचले तर अर्थ हास्यास्पद होतो. ४ चे अडीच टक्के म्हणजे ०.१०. दर ४ वरून ४.१० वर गेला, असा अर्थ घेणारा कुणी नव्हता. रिझर्व्ह बँक स्वतः मात्र या भरवशावर राहत नाही. तिच्या निवेदनात 'बेसिस पॉइंट' असतात. एक टक्केबिंदू म्हणजे शंभर बेसिस पॉइंट. ४० बेसिस पॉइंटची वाढ म्हटली की दुसरा अर्थ निघायला जागाच उरत नाही. पैशाच्या व्यवहारात पाव टक्क्याचा घोळसुद्धा परवडत नाही, म्हणून हे माप रूढ झाले.

आता या अडीच बिंदूंचे घरात काय होते ते बघू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी ती रेपो दराशीच जोडली आहेत. समजा तीस लाखांचे कर्ज, मुदत वीस वर्षे, व्याज साडेसहा टक्के. मासिक हप्ता येतो २२,३६७ रुपये. व्याज नऊ टक्के झाले, म्हणजे तेच अडीच टक्केबिंदू वाढले, की वीस वर्षांचा हप्ता होतो २६,९९२ रुपये. वाढ ४,६२५ रुपये, म्हणजे जवळपास २१ टक्के. रेपो दर साडेबासष्ट टक्क्यांनी वाढला, कर्जाचा व्याजदर साडेअडतीस टक्क्यांनी आणि हप्ता एकवीस टक्क्यांनी. बिंदू मात्र आधीच्या दोन्ही ठिकाणी अडीचच.

यातली एक बारीक गोष्ट तर मलाही हिशेब करताना दचकवून गेली. नऊ टक्क्यांनी तीस लाखांवरचे एका महिन्याचे व्याजच २२,५०० रुपये होते. जुना हप्ता २२,३६७. म्हणजे कर्ज घेतल्या-घेतल्या दर असा वाढला आणि हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवायची म्हटली, तर मुद्दल कधीच फिटणार नाही, उलट वाढत जाईल. 'अडीच टक्के' या दोन शब्दांत हे दडलेले असते.

यातून एक ठोकताळा मिळतो. मूळ आकडा शंभराच्या आत असेपर्यंत टक्के नेहमी टक्केबिंदूंपेक्षा मोठे दिसतात. म्हणून टक्केबिंदूंना टक्के म्हटले की बदल आहे त्यापेक्षा लहान वाटतो, आणि टक्क्यांना टक्केबिंदू समजले की मोठा. पहिली चूक निष्काळजीपणातून होते, वजाबाकी करून थांबलेल्या माणसाची. दुसरी बहुधा वाचणाऱ्याकडून होते, जाहिरातीत टपोऱ्या अक्षरांत 'साठ टक्के वाढ' वाचणाऱ्याची. शंभराच्या वरच्या मापांत हे उलटते. प्राथमिक शाळांतले ढोबळ पटनोंदणी प्रमाण कधी कधी शंभराच्या वर जाते, कारण वयाने मोठी मुलेही त्या वर्गांत असतात. तिथे टक्केच टक्केबिंदूंपेक्षा लहान निघतात.

नाण्याची दुसरी बाजू

भाचीला एव्हाना १३.१९ हेच एकमेव खरे उत्तर वाटू लागले होते. म्हणून मी तिला तोच प्रश्न उलटा करून दिला. साक्षर नाहीत त्या स्त्रियांचा दर किती टक्क्यांनी घटला?

तिने शंभरातून वजाबाकी केली. २००१ मध्ये ३२.९७, २०११ मध्ये २४.१३. फरक पुन्हा ८.८४. ३२.९७ ने भागले आणि ती थांबली. "२६.८१? पण बदल तर तोच आहे ना, मामा?"

बदल तोच आहे. तेवढ्याच बायका एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेल्या. साक्षरतेच्या बाजूने पाहिले तर १३ टक्क्यांची वाढ, निरक्षरतेच्या बाजूने पाहिले तर जवळपास २७ टक्क्यांची घट. दोन्ही बरोबर, दोन्हींचा ताळा जुळतो. टक्केबिंदू मात्र दोन्ही बाजूंनी ८.८४ च राहतात. उलट दिशेने गेलो, म्हणजे दर ७५.८७ वरून पुन्हा ६७.०३ वर घसरला अशी कल्पना केली, तरी बिंदू ८.८४ च. टक्के मात्र ११.६५ होतात, कारण आता भागायचे ते ७५.८७ ने.

म्हणून टक्के चांगले आणि टक्केबिंदू वाईट, किंवा उलट, असे काही नाही. टक्केबिंदू सांगतात की शंभर माणसांत कितीजणांचे आयुष्य बदलले. टक्के सांगतात की जिथून सुरुवात केली त्याच्या मानाने किती मजल मारली. स्त्री-पुरुष तुलना करायची तर हे दोन्ही लागते. स्त्रियांचा दर ८.८४ बिंदूंनी वाढला, पुरुषांचा २.४१ बिंदूंनी. पण पुरुष ८५.९७ वर होते, त्यांच्यापुढे वाढायला अवघे १४.०३ बिंदू शिल्लक होते. स्त्रियांपुढे जवळजवळ ३३ होते. उरलेल्या अंतरापैकी पुरुषांनी शेकडा १७ कापले, स्त्रियांनी शेकडा २७. आणि दोघांतली दरी १८.९४ बिंदूंवरून १२.५१ वर आली. ती ६.४३ बिंदूंनी अरुंद झाली, किंवा तिचा एक तृतीयांश भाग बुजला. दोन टक्केवाऱ्यांतली दरी सांगायची ती बिंदूंतच. 'स्त्रिया पुरुषांपेक्षा १२.५१ टक्क्यांनी मागे आहेत' असे लिहिले की पुन्हा तोच लाल पेन उचलावा लागतो.

संगणकाने दिलेले ०.०८१

हे शाळेपुरते आहे असे कुणी समजू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरांत ही चूक वेगळ्या वाटेने शिरते. एक गाजलेला प्रयोग घेऊ. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीआधी गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या तीन संशोधकांनी मतदारांना चिठ्ठी टाकून गटांत वाटले. एका गटाला काहीच पाठवले नाही. एका गटाला असे पत्र पाठवले की ज्यात त्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मत दिले होते की नाही हे छापलेले होते, आणि निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू अशी सूचनाही होती. पत्र न मिळालेल्यांत मतदान झाले २९.७ टक्के. शेजाऱ्यांची यादी मिळालेल्यांत ३७.८ टक्के.

अशी माहिती संगणकात भरताना मत दिले त्याला १ आणि नाही दिले त्याला ० लिहितात. मग संगणक पत्राचा परिणाम म्हणून ०.०८१ हा आकडा देतो. त्यापुढे एकक नसते. विद्यार्थी दशांशचिन्ह दोन घरे सरकवतो, ८.१ करतो आणि हात सवयीने '%' हे चिन्ह जोडतो. 'पत्रामुळे मतदान ८.१ टक्क्यांनी वाढले.' ताळा करू या. २९.७ चे ८.१ टक्के म्हणजे २.४. बेरीज ३२.१. प्रत्यक्षात ३७.८. जुळत नाही. ०.०८१ हे ० आणि १ च्या दोन सरासरींतले अंतर आहे, म्हणजे ८.१ टक्केबिंदू. टक्क्यांत हीच वाढ २७ च्या वर जाते. संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती टक्केबिंदूंतच सांगितली आहे.

गंमत अशी की दुसऱ्या एका प्रकारच्या गणितात तेच ०.०८१ खरोखर टक्के असतात. पगारासारख्या राशीचा लॉग घेऊन तुलना केली असेल, तर ०.०८१ म्हणजे पगारात साधारण आठ टक्क्यांची वाढ. म्हणून उत्तर तपासताना मी आधी आकडा बघत नाही. तुलना कशाची केली ते बघतो: ० आणि १ ची, रुपयांची, की लॉगची. एकक तिथे ठरते, दशांशचिन्हात नाही.

मग पेपरावर काय लिहायचे?

मराठीपुरता माझा अनुभव असा की 'टक्केबिंदू' हा शब्द घोकून घेण्यापेक्षा आपल्या भाषेतले एक साधे वाक्य जास्त कामाला येते: इतक्यावरून इतक्यावर. 'स्त्रियांचा साक्षरता दर ६७.०३ टक्क्यांवरून ७५.८७ टक्क्यांवर गेला.' यात चुकायला जागा नाही. ज्याला बिंदू हवेत तो वजाबाकी करील, ज्याला टक्के हवेत तो भागेल. त्यानंतर वाढीचा आकडा द्यायचाच असेल, तर 'शंभरांमागे जवळजवळ नऊ जणी जास्त' असे म्हटले तरी ते टक्केबिंदूच झाले, आणि ते आजीलाही कळते. बातमी लिहिणाऱ्याने, अहवाल करणाऱ्याने आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने एवढे जरी पाळले तरी पुरे. या प्रश्नातले दोन्ही दर तर समोर छापलेले होते. 'किती टक्क्यांनी' ऐवजी 'किती टक्केबिंदूंनी' असे विचारले असते, तर छापील उत्तराला कुणी बोट लावले नसते.

आता निकाल. रोजच्या बोलण्यात 'आठ-नऊ टक्क्यांनी वाढला' असे म्हटले जाते आणि मूळ आकडे सोबत असतील तर ते चालूनही जाते. संख्याशास्त्राच्या उत्तरात ते चालत नाही, कारण तिथे प्रत्येक आकड्यामागे एकक लिहिणे हाच उत्तराचा अर्धा भाग असतो. छापील उत्तरातली वजाबाकी बरोबर आहे, एकक चुकले आहे. भाचीच्या उत्तरात दोन्ही बरोबर आहे. दोन गुण तिचेच.

पेपर परत दप्तरात ठेवण्याआधी तिने पेन्सिलीने ७२.९६ चा ताळा समासात लिहून घेतला. सरांना दाखवायला.